मराठी-इंग्रजी मिसळीच्या बोलण्याची सबटायटल्स दर एपिसोडला का बिघडतात, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

फाईल पाठवली की दोन दिवसांनी हमखास एक मेल येतो: "पहिल्या मिनिटाला 'मीटिंग' देवनागरीत आहे, चौथ्या मिनिटाला रोमनमध्ये आहे. कृपया एकच काहीतरी ठेवा." आपण 'शोधा आणि बदला' चालवून सगळ्या मीटिंगा एकसारख्या करतो. पुढच्या एपिसोडला 'कंडिशन'वरून तेच होतं, त्याच्या पुढच्या एपिसोडला 'रिपोर्ट'वरून. मुलाखती, पॉडकास्ट, डॉक्टरांची व्याख्यानं, कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ यांची मराठी सबटायटल्स करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. इथे मराठी बोलण्याच्या मराठी सबटायटल्सबद्दलच लिहितोय. त्याच बोलण्याची इंग्रजी सबटायटल्स करणं हे वेगळं काम आहे, ते इथे घेत नाही.

शब्द बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण नियमच चुकीच्या जागी लावलेला असतो. बहुतेक जण "इंग्रजी शब्द रोमनमध्ये, मराठी शब्द देवनागरीत" एवढंच ठरवून कामाला लागतात. कागदावर ते सोपं दिसतं. पण 'टेबल' इंग्रजी की मराठी? 'ऑफिस'? 'पेशंट'? आणि 'पेशंटची' म्हटल्यावर अर्धा शब्द इंग्रजी आणि अर्धा मराठी झाला, मग त्याचं काय करायचं? दर शब्दाला नव्याने निर्णय घ्यावा लागला की तो निर्णय सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा होणारच. त्यात एका मालिकेवर दोघंजण काम करत असतील तर बोलायलाच नको.

एक नमुना घेऊ. बोलणारे एक डॉक्टर आहेत, वाक्य मी बेतलेलं आहे, पण अशी वाक्यं रोज कानावर पडतात. पहिल्या कच्च्या फाईलमध्ये ते असं उतरलं होतं:

```
14
00:03:12,400 --> 00:03:15,100
Actually patient ची condition stable
होती but then suddenly BP drop

15
00:03:15,140 --> 00:03:18,900
झालं and we had to shift him to
the ICU रात्री दोनला.
```

वाचताना डोळा कुठे अडखळतो ते बघा. पहिल्या ओळीत 'ची' सुटा पडलाय. हिंदीत 'में', 'को', 'की' हे सुटे लिहितात. त्या सवयीचे हात किंवा हिंदीवर बेतलेला कीबोर्ड मराठीतही तसंच करतो. रोमन शब्दाला देवनागरी प्रत्यय चिकटवायला संकोच वाटतो, म्हणून मध्ये जागा सोडली जाते. आज हा 'ची' ओळीच्या मध्यावर आहे, पण ओळीची रुंदी बदलली की तो नेमका दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडतो. 'ची' ने सुरू होणारी ओळ मराठी वाचकाला वाचताच येत नाही, तो परत वर जातो.

याहून मोठा दोष दोन कार्डांच्या, म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या तुकड्यांच्या, सांध्यावर आहे. 'बीपी ड्रॉप झालं' यात 'ड्रॉप' हा शब्द आणि 'झालं' हे क्रियापद मिळून एक क्रिया होते. 'मॅनेज करणे', 'शिफ्ट होणे', 'कॉल मारणे' हीही तशीच जोडक्रियापदं. ती मधोमध कापली की पहिलं कार्ड क्रियापदाविना लोंबकळतं आणि दुसरं 'झालं' या बिनबुडाच्या शब्दाने सुरू होतं. असा कट का पडतो? कापणाऱ्याला तिथे भाषा बदललेली दिसते आणि लिपी बदलली म्हणजे तुकडा संपला असं वाटतं. प्रत्यक्षात तुकडा संपलेला नसतो. भाषा शब्दागणिक बदलू शकते, वाक्यरचना तशी बदलत नाही.

नियम क्रियापदापाशी लावा

म्हणून शब्द कुठल्या भाषेचा हे विचारायचं सोडून द्यायचं आणि उपवाक्य कोणाच्या क्रियापदावर उभं आहे ते बघायचं. क्रियापद मराठी असेल तर ते अख्खं उपवाक्य देवनागरीत, त्यात इंग्रजी शब्द कितीही असोत. क्रियापद इंग्रजी असेल तर ते अख्खं उपवाक्य रोमनमध्ये. लिपी बदलायची ती उपवाक्याच्या सीमेवरच आणि कार्ड किंवा ओळ कापायची तीही शक्यतो तिथेच.

वरच्या वाक्यात तीन उपवाक्यं आहेत. 'पेशंटची कंडिशन स्टेबल होती' यात क्रियापद 'होती', म्हणून देवनागरी. 'बट देन सडनली बीपी ड्रॉप झालं' यात सहापैकी पाच शब्द इंग्रजी आहेत, तरी क्रियापदाचं रूप 'झालं'. तेही नपुंसकलिंगी, म्हणजे 'बीपी'ला बोलणाऱ्याने मराठी लिंगसुद्धा देऊन टाकलंय. हे उपवाक्य मराठीच आहे, म्हणून देवनागरी. तिसऱ्यात मात्र क्रियापदही इंग्रजी, सर्वनामंही इंग्रजी आणि शब्दांचा क्रमही इंग्रजी. ते रोमनमध्ये जातं. शेवटी 'रात्री दोनला' हे मराठी शेपूट इंग्रजी उपवाक्याला चिकटलंय. त्याला दुसरी ओळ दिली की लिपीचा सांधा ओळीच्या सांध्यावरच येतो.

```
14
00:03:12,400 --> 00:03:14,600
ॲक्च्युअली पेशंटची कंडिशन
स्टेबल होती,

15
00:03:14,680 --> 00:03:16,300
बट देन सडनली बीपी ड्रॉप झालं

16
00:03:16,380 --> 00:03:18,900
and we had to shift him to the ICU,
रात्री दोनला.
```

दोनाची तीन कार्डं झाली. दोन कार्डांमध्ये ८० मिलिसेकंदांची फट ठेवली आहे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर दोन फ्रेम्स. सर्वांत छोटं कार्ड १.६ सेकंदांचं आहे. एका सेकंदाच्या आतली कार्डं टाळावीत, पण हे त्याच्या बरंच वर आहे. डॉक्टर 'होती' नंतर श्वास घेतात आणि 'झालं' नंतर किंचित थांबतात. मिसळीचं बोलणं ऐकताना हे सारखं जाणवतं की माणूस थांबतो तो उपवाक्य संपल्यावर, भाषा बदलताना नव्हे. त्यामुळे क्रियापदाच्या नियमाने कापलेली कार्डं आवाजाच्या लाटेवरही बरोबर बसतात. वेगळी कसरत करावी लागत नाही.

"अख्खं इंग्रजी उपवाक्यसुद्धा देवनागरीतच लिहा, म्हणजे कटकटच मिटली" असं सुचवणारे भेटतात. त्यांना उलट बाजूचे लोक उत्तर देतात की देवनागरीत ते फार लांब होतं. हे उत्तर खरं नाही, मोजून बघा. 'अँड वी हॅड टू शिफ्ट हिम टू द आयसीयू' यात मोकळ्या जागा धरून ३५ चिन्हं भरतात आणि रोमनमध्ये तेच वाक्य स्वल्पविराम सोडून ३४. लांबीचा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की 'हॅड टू', 'हिम टू द' हे वाचकाने देवनागरीत कधी पाहिलेलंच नसतं. 'पेशंट' किंवा 'कंडिशन' हा शब्द तो चित्रासारखा ओळखतो, 'हिम टू द' मात्र त्याला अक्षर लावून मनात उच्चारावं लागतं आणि तेवढ्यात कार्ड जातं. व्याकरणाचे बारके शब्द देवनागरीत अंगावर येतात, नामं आणि विशेषणं येत नाहीत. क्रियापदाचा नियम चालतो तो यामुळेच. मराठी क्रियापदाच्या आसपास बहुतेक वेळा इंग्रजीची नामं, विशेषणं आणि 'सडनली'सारखी क्रियाविशेषणंच येतात.

नियम कुठे ताणला जातो

'आय मीन', 'यू नो', 'लेट्स से', 'आय थिंक' यांत इंग्रजी क्रियापद आहे, पण मराठी वाक्याच्या तोंडाशी ते 'म्हणजे', 'कसं आहे' यांच्यासारखे टेकू म्हणून येतात. ते मी देवनागरीत ठेवतो आणि जागा कमी पडली की सर्वांत आधी त्यांनाच कात्री लावतो. 'बट', 'सो', 'बिकॉज' हे मात्र कापायचे नाहीत. टेकू गेला तर वाक्याला काही होत नाही, पण जोड गेला की दोन उपवाक्यांचं नातं जातं.

दुसरी अडचण क्रियापद नसलेल्या तुकड्यांची. 'टोटल वेस्ट ऑफ टाइम, बाकी काही नाही' यात पहिल्या तुकड्याला क्रियापदच नाही. इथे पुढचा तुकडा कोणत्या भाषेचा आहे ते बघावं आणि शंका आली तर देवनागरीकडे झुकावं. 'त्यांनी क्वालिटी ऑफ लाइफबद्दल विचारलं' यात तर शंकेलाही जागा नाही, क्रियापद मराठी आहे. 'ऑफ' देवनागरीत बघून संपादकाच्या कपाळाला आठी पडते खरी, पण तोच तुकडा रोमनमध्ये नेला की 'बद्दल' पुन्हा रोमन शब्दाला लटकतो आणि आपण मूळ आजाराकडे परत येतो.

नियम उलट दिशेनेही लागतो आणि ते बरेच जण विसरतात. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी, किंवा न्यू जर्सी-लंडनची मराठी मुलं, इंग्रजी वाक्यात नात्यांचे आणि खाण्यापिण्याचे मराठी शब्द पेरतात. वाक्य इंग्रजी असेल तर तो शब्द रोमनमध्येच लिहायचा, तिरप्या अक्षरांत:

```
So my <i>aajoba's</i> clinic was
right behind the temple,
```

तिथे 'आजोबा' देवनागरीत लिहून त्याला रोमन शेपूट लावलं तर ते 'मीटिंग ला' इतकंच वाईट दिसतं.

संक्षेपांबद्दल थोडक्यात. अक्षरागणिक उच्चारलेले, मराठी वाक्यात आलेले संक्षेप देवनागरीत आणि प्रत्यय जोडून लिहायचे: 'आयसीयूत', 'एमआरआयचा', 'बीपीच्या गोळ्या'. अपवाद एकाच गोष्टीला देतो, अंक आणि अक्षरं यांची सरमिसळ असलेल्या नावांना. मधुमेहाच्या तपासणीतल्या `HbA1c` चं 'एचबीएवनसी' केलं तर ज्याच्या हातात त्याच तपासणीचा कागद आहे त्यालाही ते ओळखू येणार नाही. अशा नावांना प्रत्यय जोडचिन्हाने लावावा आणि ती शब्दयादीत वेगळी नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढचा माणूस त्यांना 'दुरुस्त' करायला जाणार नाही.

लिंग-वचन बोलणाऱ्याचं, वर्णलेखन आपलं

एकसारखेपणाच्या नादात आणखी एक घोळ होतो. एक पाहुणे म्हणतात 'मेल आला', दुसऱ्या म्हणतात 'मेल आली'. कोणी 'बॅटऱ्या' म्हणतं, कोणी 'बॅटरीज'. कोणी 'ऑफिसात', कोणी 'ऑफिसमध्ये'. हे सगळं एका साच्यात बसवायचं नाही. पडद्यावर ओठ 'आली' म्हणताहेत आणि खाली 'आला' लिहिलंय, हे मराठी माणसाच्या लगेच लक्षात येतं. शिवाय उसन्या शब्दाचं लिंग घरागणिक आणि गावागणिक बदलतं, त्यात चूक-बरोबर काही नाही.

एकसारखं ठेवायचं ते फक्त वर्णलेखन. 'फाईल' की 'फाइल', 'सिरियस' की 'सीरियस', 'डेव्हलपमेंट' की 'डेव्हलपमेन्ट'. यासाठी मालिकेच्या सुरुवातीलाच शब्दयादी करावी. माझ्या यादीत शब्दाचं स्वीकारलेलं रूप, नाकारलेली रूपं आणि गरज असेल तर एक टीप असते. लिंगाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो ठेवला की कोणीतरी उत्साहाने सगळीकडे लावतोच.

```
फाईल      | फाइल, फ़ाइल        |
ॲप        | अॅप, ऍप            | पहिली दोन दिसायला सारखी
मॅनेजर    | मैनेजर, मॅनेजऱ      |
HbA1c     | एचबीएवनसी          | प्रत्यय जोडचिन्हाने
```

दुसऱ्या ओळीवर जरा थांबू, कारण "यादी केली तरी शब्द सापडत नाहीत" या तक्रारीचं मूळ तिथे आहे. `ॲ` हे अक्षर युनिकोडमध्ये `U+0972` या स्वतंत्र स्थानावर आहे आणि ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक `अ` टंकून त्यावर `ॅ` चढवायचे, म्हणजे `U+0905` आणि `U+0945`. जुने कीबोर्ड आजही तेच करतात. तिसरं रूप `ऍ`, म्हणजे `U+090D`. ते हिंदीच्या वळणाचं, पण मराठी फाईलींत सर्रास आढळतं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात 'ॲ' हाच स्वर आहे, तेव्हा तोच धरावा. अडचण अशी की पहिली दोन रूपं अनेक फॉन्टांत हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती निरनिराळी आहेत. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असेल तर ते एका रूपात आणणं, चालवलं तरी ती एक होत नाहीत, कारण त्यांना समतुल्य ठरवलेलंच नाही. एक रूप शोधलं तर दुसरं सापडत नाही आणि आपण "सगळे बदलले" असं छातीठोकपणे कळवून मोकळे होतो.

'फ़ाइल' आणि 'मैनेजर' या रूपांची गोष्ट वेगळी आहे. खाली टिंब असलेला 'फ़' किंवा 'ज़', आणि 'ॅ'च्या जागी 'ै', ही हिंदीची खूण. आपोआप उमटवलेल्या कच्च्या मजकुरात ती दिसली की समजावं, यंत्राने त्या तुकड्यापुरतं मराठी सोडून हिंदी पकडलंय. अशा वेळी फक्त टिंब पुसून पुढे जाऊ नये. आजूबाजूची दोन-तीन कार्डं आवाज लावून ऐकावीत. 'आहे'चं 'है' किंवा 'आणि'चं 'और' झालेलं सापडण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त असते. इंग्रजी तुकडा संपून मराठी सुरू होते तिथले पहिले एक-दोन शब्दही असेच संशयास्पद. 'मग', 'तो', 'की' असे छोटे शब्द यंत्र ओढूनताणून इंग्रजीत बसवतं.

पाठवण्याआधीची तपासणी

वरचे बहुतेक दोष डोळ्याने शोधण्याची गरज नाही. पायथॉनचा हा छोटा प्रोग्रॅम फाईलवर चालवला की संशयित ओळी समोर येतात:

```python
import re, sys, unicodedata

CHECKS = {
  "रोमनला चिकटलेला प्रत्यय": r"[A-Za-z][\u0900-\u0963]",
  "सुटा प्रत्यय": r"(?:^|\s)(?:ला|चा|ची|चे|च्या|त|ने|शी)(?:\s|$)",
  "तुटलेलं जोडक्रियापद": r"^(?:केल|कर|झाल|होत)",
  "नुक्ता": r"\u093c",
  "चुकीचा ॲ": r"\u0905\u0945|\u090d",
}
with open(sys.argv[1], encoding="utf-8-sig") as f:
    for n, line in enumerate(f, 1):
        s = unicodedata.normalize("NFC", line.strip())
        for name, pat in CHECKS.items():
            if re.search(pat, s):
                print(n, name, "|", s)
```

`NFC` ची, म्हणजे प्रमाणीकरणाची, ओळ गाळू नका. तिची दोन कामं आहेत. 'दुसऱ्या', 'बॅटऱ्या' यांतला 'ऱ' कधीकधी 'र' आणि टिंब अशा दोन तुकड्यांत साठवलेला असतो. प्रमाणीकरणाने ते तुकडे जुळून एक अक्षर होतं आणि खोटी तक्रार टळते. उलट 'फ़' जर एकाच चिन्हात साठवलेला असेल तर प्रमाणीकरण त्याचे 'फ' आणि टिंब असे दोन तुकडे करतं, म्हणून तो पकडला जातो. युनिकोडने काही जोडअक्षरं पुन्हा जुळवू नयेत अशी यादी केली आहे. 'फ़' त्या यादीत आहे, 'ऱ' नाही. हा फरक इथे आपल्या पथ्यावर पडतो.

जोडक्रियापदाची तपासणी थोडी भाबडी आहे. 'करोडो रुपये' किंवा 'होता एक राजा' अशी ओळही ती पुढे करेल. त्यावर नजर टाकायला दोन सेकंद लागतात. पण 'शिफ्ट / केलं' असा कट निसटला तर तो प्रेक्षकापर्यंत पोचतो, म्हणून मी ती सैलच ठेवली आहे. कार्डाच्या आत, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये तुटलेलं क्रियापदही तिच्यात सापडतं. तो दोष कमी गंभीर, पण सांधा एक शब्द मागे सरकवला की मिटतो.

वेगाचा लाल इशारा हा आणखी एक फसवा प्रकार. `Subtitle Edit` सारख्या प्रोग्रॅममध्ये सेकंदाला किती चिन्हं हे मोजलं जातं आणि मर्यादा ओलांडली की कार्ड रंगतं. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त हे वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जाऊ शकतं. 'स्ट्रॅटेजी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, त्यात युनिकोडची चिन्हं मात्र १० आहेत. म्हणजे ज्या वाक्यात इंग्रजी जोडाक्षरं जास्त, ते कार्ड प्रत्यक्ष वाचायला सोपं असूनही लाल होतं. मग कोणीतरी वेग खाली आणण्यासाठी तोच शब्द रोमनमध्ये करून टाकतो आणि लिपीचा नियम मोडतो. तसं करू नका. आधी कार्डाची वेळ मागेपुढे ताणता येते का ते बघा, मग टेकू कापा. मनातल्या मनात सहज वाचून होत असेल तर देवनागरी कार्डाला एक-दोन चिन्हांची सूट द्यायला हरकत नाही. नमुन्यातल्या पंधराव्या कार्डात २८ चिन्हं आहेत, म्हणजे सेकंदाला सतराच्या थोडं वर. मर्यादा १७ ची असेल तर ते लाल होईल. ते मी तसंच ठेवेन.

चित्रात कोरताना

सबटायटल्स व्हिडिओच्या चित्रातच कायमची उमटवल्यावर, फाईल निर्दोष असूनही, रोमन अक्षरं मोठी आणि देवनागरी बारीक दिसत असेल, तर दोष फॉन्टचा आहे. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली की प्रोग्रॅम ती अक्षरं दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टमधून उचलतो आणि दोघांच्या मापाचा मेळ बसत नाही. आपल्या सोळाव्या कार्डात दोन ओळी दोन लिप्यांच्या आहेत, तिथे तर हे फारच खुपतं. उपाय म्हणजे दोन्ही लिप्या एकाच हाताने काढलेला फॉन्ट घेणं. मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा `Mukta` माझ्या रोजच्या वापरात आहे. फॉन्टची फाईल जवळच्या फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर आज्ञेतच सांगावा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावरही तेच दिसतं:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "subtitles=ep07.srt:fontsdir=fonts:force_style='FontName=Mukta,FontSize=22'" -c:a copy out.mp4
```

जोडाक्षरं फुटून हलन्त उघडे दिसत असतील तर मात्र फॉन्ट बदलून उपयोग नाही. `ffmpeg` सबटायटल्स काढायला `libass` वापरतं, आणि त्याची जुनी बांधणी जोडाक्षरं जुळवणाऱ्या `HarfBuzz` शिवाय असण्याची शक्यता असते. वेगळी बांधणी उतरवून बघा.

ग्राहकाला आधी विचारायचा प्रश्न

हे सगळं वाचक रोमन लिपी वाचतो असं धरून आहे. शहरी पॉडकास्टला ते चालतं. आरोग्य खात्याच्या माहितीपटाला किंवा शेतकऱ्यांसाठीच्या व्हिडिओला चालेलच असं नाही. म्हणून काम घेताना "इंग्रजी शब्दांचं काय करू?" असं मोघम विचारू नये, त्याला "जसं योग्य वाटेल तसं" हेच उत्तर मिळतं. "तुमचा प्रेक्षक रोमनमध्ये लिहिलेलं अख्खं वाक्य वाचेल का?" असं विचारावं. उत्तर 'नाही' असेल तर मराठी उपवाक्यांना तोच नियम राहतो, फक्त इंग्रजी उपवाक्यांचं मराठी करायचं. ती लिप्यंतरित करून उपयोग नाही. ज्याला इंग्रजी वाक्य रोमनमध्ये कळत नाही त्याला ते देवनागरीत तरी कसं कळणार? आपलं सोळावं कार्ड मग असं होईल. भाषांतरित भाग तिरप्या अक्षरांत आहे, म्हणजे आवाजात वेगळे शब्द आहेत हे बघणाऱ्याला समजतं:

```
16
00:03:16,380 --> 00:03:18,900
<i>आणि त्याला आयसीयूत हलवावं लागलं,</i>
रात्री दोनला.
```

एका प्रकारच्या बोलण्यापुढे मात्र हा नियमही टिकत नाही. दोघंतिघं एकमेकांची वाक्यं पूर्ण करत असतात, एकाने इंग्रजीत सुरू केलेलं उपवाक्य दुसरा मराठी क्रियापदाने संपवतो. 'देन द होल टीम...' असं एक म्हणतो आणि दुसरा '...उठून गेली!' म्हणून हसतो. इथे उपवाक्य एक, माणसं दोन. अशा वेळी मी संवादाच्या दोन ओळी करतो, प्रत्येकीला सुरुवातीला आडवी रेघ देतो आणि दोन्ही देवनागरीत ठेवतो, कारण शेवटी जे क्रियापद आलं ते मराठी होतं. काही संपादक पहिली ओळ रोमनमध्ये मागतात. मालिकेत एकदा ठरलं की शब्दयादीच्या खाली लिहून ठेवायचं आणि पुढे त्यावर वाद घालायचा नाही.